लाल ट्रक तुझे, पिवळे माझे

सकाळी साडेदहा वाजता माझ्या फिल्मचा नायक खिडकीच्या कट्ट्यावर डोकं टेकवून झोपला होता. तोंड किंचित उघडं, गालावर पावडरीचा थर, मुठीत अर्धं वितळलेलं चॉकलेट. कॅमेरा सुरू होता, दोन दिवे तापले होते, आणि मी एका हातात संवादाचा कागद घेऊन, आता याला उठवायचं कसं, या विचारात उभा होतो. नायकाचं वय सात वर्षं.

बारा वर्षं मी नाशिकमध्ये लग्नांचे व्हिडिओ केले. लग्नात रिटेक नसतो. अक्षता पडल्या की पडल्या, त्या क्षणी कॅमेरा कुठे असावा एवढंच मला कळतं. माणसांकडून काही करवून घ्यायचं म्हणजे 'वहिनी, जरा इकडे बघा' यापलीकडे माझी मजल गेलेली नव्हती. अशा माणसाने आठ मिनिटांची फिल्म करायला घेतली, आणि तीही दोन लहान मुलांवरची.

गोष्ट द्वारकेवर राहताना सुचली होती. आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून उड्डाणपूल दिसतो. खाली द्वारका चौकात पुण्याची, मुंबईची, नाशिकरोडची, सारडा सर्कलची गर्दी एकमेकांत अडकलेली असते, आणि वरून मुंबई-आग्रा महामार्गाचे ट्रक खालच्या भांडणाशी काही देणंघेणं नसल्यासारखे निघून जातात. पुलाच्या कठड्यामुळे पूर्ण ट्रक दिसत नाही, केबिनचा वरचा भाग आणि ताडपत्री तेवढी दिसते. ट्रक चालवणारा बाप पुलावरून जाताना थांबू शकत नाही, म्हणून दोन हॉर्न देतो, आणि खिडकीतली भावंडं ते ओळखतात. गोष्ट एवढीच. एके दिवशी हॉर्न वाजतो, पण तो बाबांचा नसतो. मोठ्या बहिणीचं नाव मी मंगी ठेवलं, धाकट्याचं पिंट्या. मुलांची खरी नावं इथे लिहीत नाही. त्यांना या नावांनीच ओळखा.

पहिल्या दिवसाचं गणित असं होतं. दिवाळीची सुट्टी, म्हणून शाळेचा प्रश्न नाही. मुलांना सकाळी सातला बोलावलं, कारण लग्नाला आम्ही सातलाच पोचतो. सात ते साडेनऊ दिवे लावले. दिवे लावायला माणूस जागेवर लागतो, म्हणून पिंट्यालाच खिडकीत उभा केला. 'हलू नकोस रे बाळा, दोनच मिनिटं.' अशी दोन-दोन मिनिटं करत अडीच तास गेले. पहिला टेक पावणेदहाला.

पिंट्याला एक वाक्य होतं : 'हा बाबांचा नाही, बाबांचा दोनदा वाजतो.' घरी त्याने ते पाठ केलं होतं आणि आईने घोटून घेतलं होतं. पहिल्या टेकला तो शाळेत कविता म्हणतात तसं बोलला. मी म्हटलं, असं नाही, असं म्हण, आणि मी म्हणून दाखवलं. दुसऱ्या टेकला त्याने माझी चाल उचलली, अगदी हुबेहूब, माझ्या नाकातल्या आवाजासकट. मग आईने म्हणून दाखवलं, तर आईची चाल आली. सहाव्या टेकनंतर मी चॉकलेट काढलं. चांगला टेक, एक चॉकलेट. आठव्या टेकनंतर त्याने विचारलं, 'दोन बोललो तर दोन?' दहाव्याला तो वाक्याच्या मध्येच माझ्या खिशाकडे बघू लागला. आणि पूर्ण वेळ त्याची आई कॅमेऱ्याच्या मागे, माझ्या खांद्याशी उभी राहून, ओठांनी त्याचं वाक्य बोलत होती. त्याची नजर तिच्या ओठांवर. फुटेज पाहिलं तेव्हा कळलं की चौदाच्या चौदा टेकमध्ये तो ट्रककडे बघतच नाही, आईकडे बघतो. पंधरावा झाला नाही, कारण तो झोपला.

त्या दिवशी दुपारी ताई आल्या. ताई शहरात वर्षानुवर्षं बालनाट्याची शिबिरं घेतात, आमच्या मंगीनं त्यांच्याकडेच दोन उन्हाळे काढले होते. त्यांनी फुटेज मागितलं नाही. त्यांनी मागितला तो कागद, जो मी जिल्हाधिकारी कार्यालयात परवानगीसाठी दिला होता.

चौदा वर्षांखालच्या मुलाकडून चित्रपट, मालिका, जाहिरात यांत काम करून घ्यायचं तर ज्या जिल्ह्यात शूटिंग आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागते. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि 2017 च्या नियमांत हे सविस्तर आलं. निर्माता एक हमीपत्र देतो. मी ते दिलं होतं, सहीही ठळक केली होती. मोबाईलचं सिम घेताना आपण अटींखाली सही करतो, तशीच ती सही.

'वाच मोठ्यानं,' ताई म्हणाल्या.

मी वाचलं. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही.

'पोरगं किती वाजता आलं?'

'सातला.'

'झोपलं किती वाजता?'

'साडेदहाला.'

'म्हणजे साडेतीन तास झाले होते. त्याला नियम पाठ नव्हता अरे, पण त्यानं पाळला.'

माझा बचाव तयार होता. त्यातले अडीच तास तो फक्त उभा होता, काम पाऊण तासच. ताई म्हणाल्या, 'तू उभा राहा अडीच तास, दिव्यात, हलायचं नाही. मग सांग ते काम होतं की नव्हतं.' वाट बघणं कामात धरायचं की नाही यावर वकिलांनी भांडावं. ताईंनी घड्याळ मुलाचं पाऊल उंबरठ्यातून आत पडलं की सुरू केलं, आणि बाहेर पडलं की थांबवलं. जेवण, खेळ, मेकअप, सगळं त्यात. पाच तास.

हे ऐकून माझा कॅमेरामन मित्र हसला. दोन दिवसांत एकतीस शॉट घ्यायचे होते. पाच तासांतून खाणं आणि विश्रांती वजा केली तर कॅमेऱ्यासमोर पावणेतीन तास उरत होते. दिवसाला आठ, फार तर नऊ शॉट. म्हणजे चार दिवस. भाड्याच्या लेन्सचं काय, दिव्यांचं काय, जेवणाचं काय! रात्री बसून हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की एकतीसपैकी नऊ शॉटमध्ये मुलं नव्हतीच. रिकामा रस्ता, आईचे हात, पूल, दाराची कडी. ते दुपारी मुलं गेल्यावर घेता येत होते. म्हणजे मुलांचे उरले बावीस, आणि बावीस शॉटना तीन दिवस पुरेसे होते. मोठ्यांचा दिवस लांबला, मुलांचा आखडला. हे आधीच का सुचलं नाही, तर लग्नात नवरा-नवरी दिवसभर उपलब्ध असतात म्हणून.

नवा दिवस असा बसला. आम्ही मोठे सातला. दिवे लावताना पिंट्याच्या जागी एक उंच स्टूल, त्यावर त्याचं शाळेचं दप्तर, आणि दप्तरावर माझी टोपी. डोकं बरोबर त्याच्या उंचीला येत होतं. मुलं नऊला. पहिली वीस मिनिटं काहीच नाही. घरात फिरायचं, कॅमेऱ्यातून एकमेकांना बघायचं, माईकच्या केसाळ टोपीला मांजर म्हणायचं. ही वीस मिनिटं मला उधळपट्टी वाटली होती, पण ती दिली नाहीत तर मुलं तेच कुतूहल टेकच्या मध्ये फेडतात. नऊ वीस ते दहा वीस शूटिंग. अर्धा तास पोहे आणि गच्ची. पुन्हा तासभर शूटिंग. मग जेवण आणि आडवं होणं, झोप आली तर झोप. शेवटी पाऊण तास, त्यात फक्त सोपे शॉट, पाठमोरे, पावलांचे, हातांचे. दोनच्या आत मुलं रिक्षात. चॉकलेट बंद. पेरू, चिक्की चालेल, पण खाण्याच्या वेळी आणि सगळ्यांना, अभिनयाची मजुरी म्हणून नाही. मजुरी वेगळी ठरली होती, तिच्यातला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा, हेही त्याच नियमांत आहे.

या आखूड दिवसाचा एक फायदा मला कुणी सांगितला नव्हता. कार्तिकातलं ऊन आमच्या खिडकीतून सकाळी साधारण तासभर कट्ट्यावर असतं, मग सरकतं. तिन्ही दिवस खिडकीचे शॉट त्याच पहिल्या तासात पडले, त्यामुळे ऊन तिन्ही दिवस एकसारखं आलं. आधीच्या बेतात मी तोच प्रसंग सकाळी नऊपासून संध्याकाळी चारपर्यंत घेणार होतो आणि नंतर संकलनाच्या टेबलावर डोकं धरून बसणार होतो.

आता वाक्याचं काय? ताईंनी दोन्ही मुलांचे संवादाचे कागद मागून घेतले आणि स्वतःच्या पिशवीत टाकले. माझ्या पोटात गोळा आला. मग त्या मुलांना खिडकीत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, 'लाल ट्रक मंगीचे, पिवळे पिंट्याचे. कठड्यावरून जे दिसेल तेवढ्यावरून ओळखायचं. दहा आधी कुणाचे होतात बघू. हरलेल्यानं बेडूकउड्या.'

बस. खेळ सुरू झाला. पिंट्याची मान ताणली गेली, टाचा उचलल्या गेल्या, नाक जाळीला टेकलं. काल चौदा टेकमध्ये जी नजर मिळाली नव्हती ती आता फुकट मिळत होती, कारण तो खरंच काहीतरी शोधत होता. 'ट्रककडे बघ' असं सांगितलं की मूल बघण्याचा अभिनय करतं, डोळे मोठे करतं. मोजायला सांगितलं की ते बघतं. मोठ्या नटाला आपण भावना सांगू शकतो, सात वर्षांच्या मुलाला काम सांगावं लागतं, आणि ते काम त्या शॉटपुरतं खरं असावं लागतं. जपानचे दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एडा मुलांना पटकथा देतच नाहीत, त्या त्या वेळी काय बोलायचं ते तोंडी सांगतात, हे मी पुढे वाचलं. ताईंनी ते वाचलेलं नव्हतं.

मधेच एक हॉर्न वाजला. ताई सहज म्हणाल्या, 'काय रे, बाबांचा?' पिंट्या मागे न बघता म्हणाला, 'छे! बाबांचा असा कुठंय, बाबांचा दोन वेळा असतो.' माझं वाक्य नव्हतं, पण माझ्या वाक्यापेक्षा बरं होतं. आणि मी कॅमेरा सुरूच केला नव्हता.

त्यानंतर आम्ही सराव घेणंच बंद केलं, किंवा सरावालाच टेक केलं. मुलांचा पहिला प्रयत्न बहुधा सगळ्यात जिवंत असतो, तिसऱ्याच्या पुढे ती स्वतःची नक्कल करू लागतात. त्यामुळे खेळ समजावण्याआधी कॅमेरा लावून ठेवायचा. क्लॅपरचा ठोका टेकच्या सुरुवातीला मारला की पिंट्या दचकायचा आणि 'आता माझं नाटक' असा ताठ व्हायचा. म्हणून पाटी शेवटी, उलटी धरून, मुलं खिडकीतून बाजूला झाल्यावर. उलटी पाटी दिसली की संकलकाला कळतं की हा ठोका आधीच्या शॉटचा आहे. 'अ‍ॅक्शन' हा शब्द गेला, कॅमेरामन फक्त माझ्या पाठीला बोट लावायचा. टेक वीस सेकंदांचे, तीस सेकंदांचे. एका शॉटला तीन टेक, त्यात नाही जमलं तर शॉट बदलायचा, मुलाला नाही. कॅमेरा सरकवायचा, किंवा तोच क्षण बहिणीच्या चेहऱ्यावरून दाखवायचा.

कॅमेराही मागे गेला. पहिल्या दिवशी मी लेन्स त्याच्या तोंडापासून दोन फुटांवर लावली होती, वरून खाली बघणारी. आता तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, लांब लेन्स लावून, बुटक्या ट्रायपॉडवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. दिवा एका बिंदूवर न मारता पांढऱ्या चादरीवर मारून सगळ्या कट्ट्यावर पसरवला, म्हणजे पिंट्या हातभर इकडेतिकडे सरकला तरी अंधारात जात नव्हता. तरी जागा धरायला काहीतरी लागतंच. जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या खुणेकडे मुलं खाली बघतात. आम्ही कट्ट्याखाली आजीची गोधडी घडी करून टाकली. पायाला मऊ लागलं की जागा बरोबर, बघायची गरज नाही.

पिंट्याची आई कॅमेऱ्यामागून उठून आतल्या खोलीत बसली. हे नाजूक होतं. पालकाला सेटवरून घालवायचं कधीच नाही, मुलानं हाक मारली की ओ आली पाहिजे. पण मुलाच्या नजरेच्या रेषेत आई नको. दार उघडं ठेवून पडदा अर्धा ओढला. वहिनींना आधी राग आला, मग त्यांनी मेथी निवडायला घेतली. नियमांप्रमाणे पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती लागते, आमच्याकडे दोन मुलांमागे ताई होत्या. ताईंना शॉट बरा आला की वाईट याच्याशी देणंघेणं नव्हतं, म्हणूनच त्यांचं ऐकलं जायचं.

आता आवाज. द्वारका चौकात शांतता कधी असते हे मला अजून ठाऊक नाही. त्यातून दिवाळी, म्हणजे मधेच लवंगी माळ. पहिल्या दिवशी आवाजवाला मित्र दर टेकला हात वर करत होता. आमचे अर्धे रिटेक खरं तर मुलांचे नव्हतेच, रिक्षांचे होते, पण मुलांना ते कसं कळणार? त्यांना वाटत होतं आपलंच चुकतंय. म्हणून ठरवलं की चित्र घेताना आवाज नुसता खुणेपुरता घ्यायचा, आणि मुलांची वाक्यं नंतर कपाटाच्या खोलीत, गाद्यांच्या मध्ये बसवून, खेळातच वदवून घ्यायची. ओठ तंतोतंत जुळणार नाहीत, पण पाठमोऱ्या आणि बाजूच्या शॉटवर चालतील.

हे ठरल्यावर एक गोष्ट उलगडली. आवाज नको असेल तर टेक चालू असताना मी बोलू शकतो! 'तो बघ, निळा गेला... आता थांब... आता ऐक... कुणाचा?' नाशिकमध्ये हे काही नवीन नसावं. 1919 साली दादासाहेब फाळक्यांनी हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीतर्फे 'कालिया मर्दन' केला, त्यात कृष्ण झाली होती त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. सुरुवातीलाच ती कृष्णाच्या वेशात येण्याआधी नुसता तिचा चेहरा दिसतो, आणि त्यावर एकामागून एक भाव येत जातात. ती फिल्म मूक होती. चेहऱ्यावर भाव बदलताना कॅमेऱ्यामागून वडील काय बोलत असतील हे पडद्यावर ऐकू येत नाही, पण मी ते दृश्य आता बघतो तेव्हा माझे कान तिथेच लागतात.

फाळक्यांचीच दुसरी आठवण मात्र मला त्या दिवसांत छळत होती. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास झाला होता त्यांचा मुलगा भालचंद्र. शूटिंगच्या ठिकाणी खेळताना तो पडला, डोक्याला खोक पडली. प्रसंग रोहिदासाच्या मरणाचा होता, मुलगा निपचित पडलेलाच हवा होता, आणि फाळक्यांनी शॉट उरकून घेतला, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. लहानपणी हे ऐकलं तेव्हा माझी छाती फुगली होती. आता पिंट्या समोर असताना तसं काही होईना.

कारण माझ्या फिल्ममध्येही एक तसा शॉट होता. हॉर्न बाबांचा नाही हे कळतं आणि पिंट्या रडू आवरतो. मित्राने मार्ग सुचवला, 'सांग त्याला की आई निघून गेली.' हा मार्ग जुना आहे. 1931 सालच्या 'स्किपी' या अमेरिकी चित्रपटात जॅकी कूपर या छोट्या नटाला रडवायला दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग यांनी त्याचा कुत्रा मारण्याची धमकी दिली होती. टॉरोग यांना त्या वर्षीचं दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. पन्नास वर्षांनी कूपरने आत्मचरित्र लिहिलं आणि त्याच्या नावातच म्हटलं, कृपा करून माझ्या कुत्र्याला गोळी घालू नका. मी ही गोष्ट ताईंना सांगितली. ताई म्हणाल्या, 'आणि व्यवहाराचंही बघ. आज खोटं बोललास तर रडेल. उद्या तू ट्रक दाखवलास तरी तो आधी आईला शोधेल. तुझे दोन दिवस बाकी आहेत.'

मग त्यांनी तो शॉट बसवला तो असा. मंगी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहून पिंट्याला हसवणार, आणि पिंट्याने हसायचं नाही. ओठ मिटून, श्वास धरून, डोळे पुलावर. हसलं की बेडूकउडी. कॅमेरा मागे, बाजूने, जवळजवळ पाठमोरा. मंगीने नाकाला जीभ लावायचा प्रयत्न केला आणि पिंट्याची हनुवटी थरथरली, गाल ताणले गेले, खांदे दोनदा हलले, डोळ्यांत पाणी आलं. हसू आवरणारं मूल आणि रडू आवरणारं मूल बाजूने बघितलं तर फरक सांगता येत नाही. मी संकलनात त्याच्या आधी रिकाम्या पुलाचा शॉट ठेवला आणि नंतरही. गेल्या शतकात रशियात कुलेशोव यांनी दाखवून दिलं होतं की चेहरा तोच ठेवला तरी शेजारच्या चित्राप्रमाणे प्रेक्षक त्यात भाव वाचतात. फिल्म पाहताना माझ्या आईने पदर डोळ्यांना लावला. पिंट्या मात्र त्याच ठिकाणी प्रत्येक वेळी फिदीफिदी हसतो.

या सगळ्याचीही एक किंमत होती, ती लपवत नाही. खेळातून मिळालेलं काम दुसऱ्यांदा तसंच मिळत नाही. पहिल्या टेकला पिंट्याने डावा हात जाळीला लावला, दुसऱ्याला उजवा, तिसऱ्याला त्या हातात शेव होती. दोन टेक जोडायचे म्हटले की हात उडी मारतो. म्हणून आम्ही रोज शेवटच्या पाऊण तासात पावलं, मान, जाळीवरची बोटं, मंगीच्या वेणीचं टोक असे तुकडे जमवून ठेवायचो. जोड दिसायला लागला की मधे एक पाऊल. फिल्ममध्ये पिंट्याची पावलं एवढ्या वेळा का दिसतात असं एका समीक्षक मित्राने विचारलं. बापाची वाट बघणारी पावलं, असं उत्तर मी दिलं. खरं कारण शेव होती.

नव्या बेताच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, एक वाजून चाळीस मिनिटांनी, पिंट्याला भलताच सूर सापडला. तो आपणहून खिडकीत गेला आणि न दिसणाऱ्या बाबांशी बोलू लागला, रोडवर काय काय बघितलं ते सांगा म्हणून. मित्र कॅमेऱ्याकडे धावला. मी ताईंकडे बघितलं. त्यांनी घड्याळ दाखवलं आणि दिव्याचं बटण बंद केलं. 'उद्या,' त्या म्हणाल्या. मी चिडलो. उद्या असं थोडंच होणार आहे! ताई म्हणाल्या, 'आज अजून वीस मिनिटं करशील, मग रिक्षा मिळेपर्यंत अर्धा तास. घरी जाऊन तो झोपेल सहाला, उठेल आठला, रात्री बाराला पुन्हा झोपेल. उद्या सकाळी नऊला तुला काय मिळेल ते सांग.' मला खिडकीच्या कट्ट्यावरचं ते उघडं तोंड आठवलं. मी दार उघडलं.

तिसऱ्या दिवशी पिंट्या नऊला पाच कमी असताना आला. हातात कागदाची पुडी. त्याने ती मला उघडून दाखवली. आत त्याचा वरचा पुढचा दात होता.

कालपर्यंत दात होता, आज खिडकी. बावीसपैकी सात शॉट बाकी, त्यातले तीन समोरून. मित्र खाली बसला. वहिनी म्हणाल्या, 'रात्री पेरू खाताना पडला हो, मी काय करू.' मी पुडीकडे बघत राहिलो, आणि पिंट्या म्हणाला, 'दादा, आता माझा हॉर्न ऐका.' त्याने त्या फटीतून हवा सोडली. दोनदा. अगदी बाबांचा.

मंगीने खिडकीत जागा घेतली. मी मित्राला म्हटलं, कॅमेरा लाव, पाटी शेवटी.